रिकामा रकाना का रिकामा आहे? मिसिंग डेटाचे तीन प्रकार, एका पगाराच्या सर्व्हेतून

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना आकडे पटकन निसटून जातात, म्हणून इथे ते सावकाश मांडलेत. कोडच्या ओळी ऑडिओत वाचून दाखवण्यात काही मजा नव्हती, त्याही इथेच आहेत.

अप्रेझलचा सीझन आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गूगल फॉर्म फिरायला लागतो. "तुमचा अनुभव किती? तुमचा पगार किती? नाव द्यायची गरज नाही." आठवड्याभराने कोणीतरी सरासरी काढून टाकतं आणि ती बघून लोक एचआरकडे किती मागायचं ते ठरवतात. पण ज्यांनी पगाराचा रकाना रिकामा सोडला, त्यांचं काय झालं हे सहसा कोणी विचारत नाही.

आज तोच प्रश्न घेऊया. रकाने किती रिकामे आहेत यापेक्षा ते का रिकामे आहेत, यावर सरासरी खरी की खोटी हे ठरतं. या "का"चे तीन प्रकार डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली बायोमेट्रिका या जर्नलमधल्या लेखात मांडले. आजची नावं त्याच विचारातून आली आहेत. नावं जरा फसवी आहेत, त्यामुळे आधी उदाहरण बघू, नावं नंतर ठेवू.

आपला सर्व्हे

हे आकडे मी समजण्यासाठी बनवलेत, कुठल्या खऱ्या सर्व्हेतले नाहीत. समजा १०० जणांनी फॉर्म उघडला. त्यातले ५० ज्युनियर, म्हणजे दोन वर्षांपर्यंत अनुभव असलेले. प्रत्येकाला महिना ३० हजार. उरलेले ५० सिनियर. त्यातल्या २५ जणांना ६० हजार आणि २५ जणांना १ लाख २० हजार, म्हणजे सिनियरची सरासरी ९० हजार. सगळ्या १०० जणांची खरी सरासरी ६० हजार. हा ६० चा आकडा लक्षात ठेवा. तो फक्त आपल्याला माहीत आहे, सर्व्हे करणाऱ्याला नाही.

अनुभवाचा रकाना सगळ्यांनी भरलाय. रिकामा राहतोय तो फक्त पगाराचा.

पहिला प्रकार: निव्वळ योगायोग

समजा फॉर्ममध्ये बग होता आणि २० जणांचा पगार सेव्हच झाला नाही. कोणाचा सेव्ह होणार नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखं होतं. अनुभवाशी संबंध नाही, पगाराशीही नाही. मग उरलेले ८० जण म्हणजे त्या शंभरांचा छोटा नमुनाच. सरासरी ६० च्या आसपासच येईल. माणसं कमी झाली म्हणून आकडा थोडा जास्त हलेल, पण तो ठरावीक एका बाजूला झुकणार नाही.

याला म्हणतात मिसिंग कम्प्लीटली ॲट रँडम. इथे रिकाम्या ओळी सरळ उडवल्या तरी सरासरी बिघडत नाही. अडचण एवढीच की प्रत्यक्षात हा प्रकार कमी वेळा भेटतो, आणि लोक मात्र ओळी उडवताना तो आहे असं गृहीत धरून बसतात.

दुसरा प्रकार: कारण दुसऱ्या रकान्यात आहे

आता बग नाही. पण सिनियर लोक मीटिंगमध्ये असतात, फॉर्म अर्धवट सोडतात. ५० ज्युनियरपैकी ४० जणांनी पगार लिहिला, ५० सिनियरपैकी फक्त १० जणांनी. समजा त्या दहात ५ जण ६० हजारवाले आणि ५ जण १ लाख २० हजारवाले. म्हणजे सिनियर उत्तर देताना टाळाटाळ करतात, पण ती पगार बघून नाही.

सरळ सरासरी काढू. ४० जणांचे ३० हजार म्हणजे १२ लाख. १० जणांचे सरासरी ९० हजार म्हणजे ९ लाख. एकूण २१ लाख भागिले ५०, उत्तर ४२ हजार. खरं उत्तर ६० होतं! एकही माणूस खोटं बोललेला नाही, तरी १८ हजारांची तूट आली.

बरेच जण इथे पायथनमध्ये ही एक ओळ मारून मोकळे होतात:

```python
df["salary"].fillna(df["salary"].mean())
```

म्हणजे रिकाम्या प्रत्येक जागी ४२ हजार. त्याने सरासरी ४२ ची ४२ च राहते. वर ५० जणांचा पगार अगदी सारखा दिसायला लागतो, म्हणजे लोकांमधला खरा फरकही पुसला जातो. रकाने भरले, चूक मात्र जशीच्या तशी राहिली.

त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी होती. प्रत्येक गटात रिकामे रकाने किती आहेत?

```python
df["salary"].isna().groupby(df["exp"]).mean()
```

उत्तर येईल ज्युनियर ०.२, सिनियर ०.८. एवढा फरक दिसला की पहिला प्रकार बाद. दोन्ही गटांत प्रमाण सारखं आलं असतं, तर पहिल्या प्रकारावरचा संशय थोडा कमी झाला असता, पण तो सिद्ध झाला नसता.

उपाय सोपा आहे. गटागटाने सरासरी काढा. ज्युनियर ३०, सिनियर ९०. दोन्ही गटांत माणसं ५०-५० आहेत हे आपल्याला माहीत आहे, कारण अनुभव सगळ्यांनी लिहिलाय. म्हणून दोघांना सारखं वजन द्या: ३० अधिक ९० भागिले २, बरोबर ६०. हरवलेलं उत्तर परत मिळालं.

याला म्हणतात मिसिंग ॲट रँडम. नावात रँडम आहे, पण सिनियर जास्त गळतात, मग यात रँडम काय? अर्थ असा की एकदा अनुभव कळला की त्या गटात कोण गळला याचा पगाराशी संबंध उरत नाही. रिकामेपणाचं कारण आपल्याकडच्या भरलेल्या रकान्यात सापडतं.

यातूनच एक गंमत निघते. फॉर्ममध्ये अनुभव विचारलाच नसता तर? माणसं तीच, उत्तरं तीच, पण गट पाडायला काहीच नाही. आपण ४२ वरच अडकलो असतो, आणि हाच डेटा तिसऱ्या प्रकारात गेला असता. म्हणजे प्रकार फक्त लोकांच्या वागण्यावर ठरत नाही, आपण काय काय विचारलं त्यावरही ठरतो.

तिसरा प्रकार: कारण रिकाम्या रकान्यातच आहे

आता खरी भानगड. समजा सिनियरमधले १ लाख २० हजारवाले आकडा लिहायलाच कचरतात. ग्रुपमधल्या कोणी ओळखलं तर? ६० हजारवाल्या २५ पैकी ८ जणांनी लिहिलं, १ लाख २० हजारवाल्या २५ पैकी फक्त २ जणांनी. म्हणजे सिनियरची उत्तरं पुन्हा १० च.

या दहांची सरासरी: ८ जणांचे ४ लाख ८० हजार, २ जणांचे २ लाख ४० हजार, एकूण ७ लाख २० हजार. भागिले १०, म्हणजे ७२ हजार. आता मघाचीच युक्ती करू: ३० अधिक ७२ भागिले २, ५१ हजार. खरं उत्तर अजूनही ६०. गट पाडूनसुद्धा ९ हजार गायब!

याला म्हणतात मिसिंग नॉट ॲट रँडम. पगार लिहिला नाही, कारण पगारच तेवढा होता.

आणि हा प्रकार ओळखायचा कसा? हातातल्या डेटावरून ओळखताच येत नाही. मघाची `isna()`ची ओळ पुन्हा चालवा, पुन्हा ०.२ आणि ०.८ च येईल. सिनियरची सरासरी खरंच ७२ असेल आणि लोक फक्त आळसाने गळले असतील, किंवा ती ९० असेल आणि मोठे पगार लपले असतील. दोन्ही वेळा तुमच्या स्क्रीनवर तेच दहा आकडे दिसतील. फरक ज्या रकान्यांत आहे, ते तर रिकामे आहेत.

याची किंमत कोण मोजतं? आज ७० हजारांवर असलेला सिनियर ७२ चा आकडा बघतो, "आपण मार्केटच्या बरोबरीने आहोत" म्हणतो आणि दोन-तीन हजारांची वाढ मागून गप्प बसतो. खरा आकडा ९० होता.

मग करायचं काय?

एक, गृहीतक बदलून बघायचं. "न सांगणाऱ्या ४० सिनियरना, सांगणाऱ्यांपेक्षा किती जास्त मिळत असेल?" असं स्वतःला विचारा. काहीच जास्त नाही म्हटलं तर उत्तर ५१ हजार. १० हजार जास्त म्हटलं तर ५५. २० हजार म्हटलं तर ५९. ३० हजार म्हटलं तर ६३. उलटही असू शकतं, कमी पगार असलेलेही लाजून लपवतात. १० हजार कमी धरलं तर ४७. मग पोस्टमध्ये एक आकडा टाकण्याऐवजी लिहायचं: "सरासरी ५१ हजार, पण न सांगणाऱ्यांना २० हजार जास्त मिळत असतील तर ५९." याला सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात. याने खरं उत्तर सापडत नाही, पण उत्तर कशावर टेकलंय ते वाचणाऱ्याला दिसतं.

दोन, नवीन माहिती आणायची. त्या ४० मधून चिठ्ठ्या टाकून १० जण निवडा आणि फक्त त्यांच्या मागे लागा. फोन करा, नेमका आकडा नको, रेंज सांगा म्हणा. सगळ्या ४० च्या मागे अर्धवट धावण्यापेक्षा हे बरं, कारण जे सहज सापडतात ते पुन्हा वेगळे असू शकतात. आपल्या उदाहरणात त्या ४० जणांची खरी सरासरी ९४ हजार ५०० आहे, सांगणाऱ्यांपेक्षा २२ हजार ५०० जास्त. फोनवरच्या दहा उत्तरांनी तुम्ही त्याच्या आसपास पोहोचलात तरी अंदाज ६० च्या जवळ येतो. हे तेव्हाच जमतं जेव्हा कोणाला फोन करायचा ते माहीत असतं. पूर्ण निनावी फॉर्ममध्ये ही वाट बंद असते. निदान ऐच्छिक संपर्काचा रकाना ठेवा, पण तो भरणारेही वेगळे असू शकतात हे विसरू नका.

तीन, फॉर्म बनवतानाच विचार करायचा. अनुभव, शहर, कामाचा प्रकार हे न बोचणारे प्रश्न आधी आणि सक्तीचे ठेवा. पगार शेवटी, रेंजमध्ये विचारा. आधीचे रकाने जितके कामाचे, तितका तिसऱ्या प्रकारातला काही भाग दुसऱ्यात सरकतो, आणि दुसऱ्यावर आपल्याकडे इलाज आहे.

पुढच्या वेळी ग्रुपवर सरासरी आली की खाली एवढंच विचारा: फॉर्म किती जणांनी उघडला, पगार किती जणांनी लिहिला, आणि न लिहिणारे कोण होते? याचं उत्तर नसेल, तर त्या आकड्यावर आपली मागणी ठरवू नका.

पुढच्या भागात रिकामे रकाने एकदाच न भरता अनेकदा का भरतात, म्हणजे मल्टिपल इम्प्युटेशन, त्याबद्दल बोलू. तोपर्यंत तुमच्याकडच्या एखाद्या शीटवर ती `isna()`ची ओळ चालवून बघा आणि काय दिसलं ते कळवा. भेटूच!