तलवाड्याची अप-डाउन आणि चौघांची एक गाडी

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला त्वरिता देवीच्या दर्शनासाठी माणसं लांबून येतात. काही जण मात्र तिथं रोज येतात, तेही नोकरीसाठी. शाळा, दवाखाना, बँक, ग्रामपंचायत अशा ठिकाणी काम करणारे आणि बीडमध्ये राहून अप-डाउन करणारे हे लोक. मुख्यालयी राहावं की राहू नये, हा वाद आपण त्यांच्यावर आणि त्यांच्या साहेबांवर सोडू. चार जण चार गाड्या काढण्याऐवजी एकाच गाडीत बसतात, एवढं खरं. आणि बसले की दोन विषय हमखास निघतात: पेट्रोलची वाटणी कशी, आणि काही झालंच तर काय?

पहिला गैरसमज वाटणीचाच. “पेट्रोलचे भागिले चार, टीटीएमएम, विषय संपला.” तो तिथं संपत नाही. हिशेबापुरतं जाऊन-येऊन 80 किलोमीटर धरू. गाडी लिटरला 16 चालते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर रोज पाच लिटर म्हणजे 525 रुपये लागतात. पण टायरही त्याच रस्त्यावर झिजतात. 20 हजारांचे चार टायर 40 हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला 50 पैसे पडतात. दर दहा हजार किलोमीटरला सहा हजारांची सर्व्हिसिंग धरली की आणखी 60 पैसे. म्हणजे रोजचे 88 रुपये पेट्रोलबाहेरचे आहेत आणि खरा चालता खर्च 613 रुपये आहे. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 153 येतात. गाडीची किंमत आणि विम्याचा हप्ता यात धरलेला नाही, कारण गाडी दारात उभी राहिली असती तरी तो खर्च मालकाला होताच.

मायलेजसाठी कंपनीचा आकडा धरू नये. टाकी फुल करून किलोमीटर लिहावेत, आठवड्याने पुन्हा फुल करावी आणि लागलेल्या लिटरांनी अंतराला भागावं. एसी आणि चार माणसांच्या वजनासकट जो आकडा येतो तोच वाटणीचा.

दुसरा गैरसमज गैरहजेरीचा. “मी आलोच नाही, मग पैसे कशाचे?” ऐकायला रास्त वाटतं, पण गाडी तीन माणसांनीही जवळजवळ तेवढंच पेट्रोल पिते. महिन्याचे 24 दिवस धरले तर एकूण खर्च 14,712 रुपये. एक जण सहा दिवस आला नाही आणि निव्वळ हजेरीवर वाटलं, तर त्याला 2,942 आणि बाकीच्यांना प्रत्येकी 3,923 पडतात. दुसऱ्याच्या रजेचा भुर्दंड ते का सोसतील? उलट सगळं समान वाटलं, तर न बसलेल्या माणसाकडून पूर्ण 3,678 रुपये घ्यावे लागतात. बहुतेक जोड्या इथंच मोडतात.

यातून निघायची सोपी वाट म्हणजे खर्चाचे दोन भाग करणं. अर्धा भाग राखीव सीटचा, तो सगळ्यांत समान, प्रत्येकी 1,839. उरलेला अर्धा हजेरीप्रमाणे. मग रजेवाल्याला सुमारे 3,310 आणि इतरांना 3,801 पडतात. सीट अडवल्याची किंमत तो देतो, न केलेल्या प्रवासाची पूर्ण किंमत देत नाही. गाडीच निघाली नाही, तर तो दिवस कुणाच्याच नावावर नाही. हे पहिल्याच महिन्यात ठरवावं; भांडण झाल्यावर केलेला नियम कुणालाच पटत नाही.

आता तिसरा गैरसमज, आणि इथं हिशेबाची वही विम्याच्या कागदाला जाऊन भिडते. काहींना वाटतं, पांढऱ्या पाटीच्या गाडीत एक रुपया घेतला तरी गुन्हा. काहींना वाटतं, ओळखीतल्यांकडून कितीही घ्या, चालतं. मोटार वाहन कायदा 1988 परवाना मागतो तो भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या वाहनाला. विनापरवाना अशी वाहतूक केली तर कलम 192-अ खाली पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याच्या पॉलिसीतही वापराची मर्यादा छापलेली असते आणि भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला असतो. वाटणी कुठं संपते आणि भाडं कुठं सुरू होतं, याची स्पष्ट व्याख्या मात्र आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यात ती आहे: सगळ्यांचे पैसे मिळून गाडीच्या चालत्या खर्चाच्या आत राहिले आणि ते निघण्याआधी ठरले, तर ते भाडं नव्हे.

आपल्याकडेही तोच मापदंड स्वतःला लावून घेणं शहाणपणाचं. वरच्या उदाहरणात तिघांनी 153 दिले, तर मालकही स्वतःचा वाटा भरतो. तिघांकडून 250 घेतले, तर रोज 750 जमतात, 613 चा खर्च भागून मालकाला वर 137 उरतात. ही काळी-पिवळीच झाली, फक्त रंग वेगळा.

अ‍ॅपवरून अनोळखी प्रवासी घेणं हा आणखी वेगळा विषय. राज्य सरकारने जानेवारी 2023 मध्ये खासगी वाहनांच्या अशा वापरावर बंदी घातली होती आणि एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने कार पूलिंगला मान्यता दिली. रोजच्या ओळखीच्या चौघांची बैठक त्या चौकटीत मोजायची नसते.

“इन्शुरन्स आहे ना!” हा सगळ्यांत महागडा गैरसमज. समोरच्या गाडीची चूक असेल, तर तुमच्या गाडीतली माणसं तिच्यासाठी तिसरा पक्ष ठरतात आणि तिच्या विम्यातून भरपाई मागता येते. पण ऊसतोडीच्या हंगामात अंधारात तुमचाच चालक उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला आणि चूक त्याची ठरली, तर? केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत गाडीत बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. तिलक सिंग प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्कूटरवर मागे बसलेल्याबाबत हेच म्हटलं. मग दावा थेट मालकाच्या घरावर आणि शेतावर येतो. पॅकेज, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मात्र खासगी गाडीतले प्रवासी येतात, हे विमा नियामकाने नोव्हेंबर 2009 च्या परिपत्रकात सांगितलं आणि बालकृष्णन प्रकरणात 2012 मध्ये न्यायालयाने ते उचलून धरलं.

फसगत नव्या गाडीच्या कागदात होते. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. तो संपला की मालक म्हणतो, “माझा विमा अजून दोन वर्षं आहे.” आहे, पण उरला तो निव्वळ थर्ड पार्टी.

पॉलिसीत 15 लाखांचं ‘ओनर-ड्रायव्हर’ संरक्षण दिसलं की सगळ्यांना हायसं वाटतं. ते फक्त मालकाचं, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. सोबतच्यांसाठी अनामित प्रवाशांचं अपघात संरक्षण वेगळं मागावं लागतं. माणशी दोन लाखांपर्यंतचं मिळतं आणि त्यात चूक कुणाची हे बघितलं जात नाही. त्याचा जादा हप्ता सोबत्यांसाठीच असल्याने चौघांच्या खर्चात धरायला हरकत नाही.

चौघांकडेही गाड्या असतील, तर आठवड्याला एकेकाने काढावी. पैसे हातात येतच नाहीत, त्यामुळे भाड्याचा प्रश्न फारसा उठत नाही. मात्र मग एकाची नव्हे, चारही गाड्यांची पॉलिसी बघावी लागते. आणि मालक दमला म्हणून शेजारच्याने स्टिअरिंग हातात घेतलं, तर त्याच्या खिशात लायसन्स आहे का, हे निघण्याआधी विचारावं लागतं.