एनडीटी तंत्रज्ञाचे तीन स्तर

जोडकामातला दोष धातू न कापता शोधणे म्हणजे एनडीटी. अमेरिकी संस्थेची एसएनटी-टीसी-१ए ही शिफारस भारतातल्या कारखान्यांतही चालते. त्यात प्रत्येक पद्धतीचे तास वेगळे आहेत.

अल्ट्रासॉनिकचेच पाहा. बारावी झालेल्या उमेदवाराला पहिल्या स्तरासाठी ४० तासांचे प्रशिक्षण आणि एनडीटीच्या एकूण ४०० तासांचा अनुभव लागतो; त्यातले किमान २१० तास अल्ट्रासॉनिकचे हवेत. हा तंत्रज्ञ लेखी सूचनेनुसारच तपासतो. दुसऱ्या स्तराला आणखी ४० तासांचे प्रशिक्षण आणि १,२०० तासांचा अनुभव, त्यात ६३० तास अल्ट्रासॉनिकचे. आता तो यंत्र स्वतः जुळवतो आणि निकालाचा अर्थ लावतो. पहिला स्तर न घेता थेट दुसरा घ्यायचा तर दोन्हींची बेरीज भरावी लागते: ८० तासांचे प्रशिक्षण, १,६०० तासांचा अनुभव. तिसऱ्या स्तराचा माणूस कार्यपद्धती ठरवतो, परीक्षा घेतो. तिथे शिक्षणानुसार अनुभवाची वर्षे बदलतात.

खरी गोम नोंदवहीत असते. तारीख, पद्धत, तास आणि देखरेख करणाऱ्याची सही नसेल तर त्या तासांना पुरावा उरत नाही. शिवाय हे प्रमाणपत्र मालक देतो. नोकरी सुटली की ते संपते. म्हणून नोंदींची प्रत स्वतःजवळ ठेवावी.