दिवाळीचे दिवस – भाग १ : वसुबारस, पहिला चीक कुणाचा?

दिवाळी पाच दिवसांची, असं आपण सहज म्हणून जातो. बोटांवर मोजायला बसलं की मात्र वसुबारस, धनत्रयोदशी, नरक चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज असे सहा दिवस होतात. कित्येक वर्षी नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे आणि लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी येतं, तेव्हा पाच भरतात. इतर वर्षी ज्याला जो दिवस लागत नाही तो वगळला जातो, आणि वगळला जातो तो बहुधा वसुबारसेचाच. दुकानदाराची दिवाळी धनत्रयोदशीला सुरू होते. ज्याच्या दावणीला गाय आहे त्याची एक दिवस आधी होते. ही लेखमाला बेल्ह्यातून लिहितो आहे, त्यामुळे सुरुवात गोठ्यापासून.

वसु म्हणजे धन आणि बारस म्हणजे द्वादशी. अश्विन वद्य द्वादशीला गोवत्स द्वादशी असंही म्हणतात, आणि दिवसाचा खरा अर्थ या दुसऱ्या नावात आहे. गो म्हणजे गाय, वत्स म्हणजे वासरू. पूजा एकट्या गाईची नाही, वासरासह गाईची आहे. ती करायची संध्याकाळी, प्रदोषकाळी, म्हणून त्या वेळी द्वादशी असेल तो दिवस धरतात. 2024 सालचं उदाहरण बघा. 28 ऑक्टोबरला सूर्योदयाला एकादशी होती, म्हणून कॅलेंडरवर रमा एकादशी. सकाळीच द्वादशी लागली आणि संध्याकाळभर राहिली, म्हणून त्याच चौकोनात वसुबारसही. दुसऱ्या दिवशी द्वादशी दुपारच्या आतच संपली आणि संध्याकाळी त्रयोदशी होती, ती धनत्रयोदशी झाली. एका तारखेला दोन सण दिसले की अनेकांना छपाईची चूक वाटते. चूक नसते. एक तिथी सकाळची धरलेली असते आणि दुसरी संध्याकाळची.

त्या वर्षीची वसुबारस सोमवारी होती, आणि सोमवार हा बेल्ह्याच्या बाजाराचा वार. कल्याण-नगर रस्त्यावरचं हे गाव पंचक्रोशीत ओळखलं जातं ते बैलबाजारामुळे. जनावराचं वय दातांवरून कसं ओळखायचं, खांदा कसा बघायचा, हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं. अशा गावाला वासरू म्हणजे काय हे सांगायला नको.

आता रीत. तिन्हीसांजेला गाय आणि वासरू अंगणात आणतात. पायांवर पाणी घालतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, निरांजनानं ओवाळतात आणि घास भरवतात. बऱ्याच घरी त्या घासात उडदाचे वडे असतात. व्रत करणारी बाई त्या दिवशी गहू आणि मूग खात नाही. गाईचं दूध, दही, तूप, ताक काहीच घेत नाही. पोथीत तव्यावर शिजलेलं आणि तळलेलंही वर्ज्य सांगितलं आहे. आमच्याकडे मात्र उपास सुटतो बाजरीची भाकरी आणि गवारीच्या भाजीवर, आणि भाकरी तर तव्यावरचीच. हा मला दोष वाटत नाही. खळ्यावरून नुकतीच घरी आलेली बाजरी आणि बांधावरची गवार जिथे आहे, तिथे व्रतानं त्यांना जागा करून दिली.

मला बोलायचं आहे ते दुधाच्या नियमावर. एक दिवस गाईचं दूध माणसानं घ्यायचं नाही, कारण त्यावर पहिला हक्क वासराचा आहे. हे ज्या काळात रुजलं त्या काळी गाय देशी होती. देशी गाय वासरानं ढुसण्या दिल्याशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून आधी वासरू सोडायचं, त्यानं चार सड चोखले की बाजूला बांधायचं, मग धार काढायची आणि शेवटचं पुन्हा त्याला ठेवायचं. वासरू दगावलं तर गाय आटायची. घराचं दूध त्या वासराच्या जिवावर चालायचं.

आता आमच्याकडच्या गोठ्यात बहुतेक गाई संकरित, होलस्टीनच्या रक्ताच्या. अशी गाय वासराविना पान्हा सोडते, यंत्रालाही सोडते. वासरू पहिल्या दिवसापासून वेगळं बांधलं तरी डेअरीचं दूध घटत नाही. वासराचं मोल इथेच कमी झालं, त्यातही गोऱ्हा झाला तर फारच. कालवडीला निदान उद्याची गाय म्हणून बघतात.

आमच्या घरी हे कसं घडलं ते सांगतो. आमची पहिली संकरित गाय ऐन दिवाळीत व्याली. सगळ्यांना आनंद. चीक भरपूर निघाला. वडिलांनी वासराला त्यातला वाटीभर पाजला आणि उरलेला सगळा आईनं खरवसाला घेतला. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून तो उकडला आणि शेजारीपाजारी वाटला. चौथ्या दिवशी वासराला पांढरी हगवण लागली. डोळे आत गेले, कान गार पडले, उठेना. सातव्या दिवशी ते गेलं. घरात म्हणाले, दृष्ट लागली. पुढे एका पशुवैद्याने मला शांतपणे विचारलं, "पहिला चीक किती पाजला होता, आणि किती तासांत?" वाटीभर एवढं सांगता आलं, पण किती तासांत याचं उत्तर आमच्यातल्या कुणाकडेच नव्हतं.

त्यांनी जे समजावलं ते असं. माणसाचं बाळ आईच्या पोटात असताना नाळेतून तिच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं बाळाला मिळतात. गाईच्या वारेची रचना वेगळी आहे, तिच्यातून ही प्रथिनं पलीकडे जात नाहीत. म्हणजे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळजवळ नसतंच. ते सगळं चिकात साठवलेलं असतं. वासराच्या आतड्याचं दार ती प्रथिनं जशीच्या तशी रक्तात घ्यायला जन्मल्याबरोबर उघडं असतं, पण सहा-आठ तासांनी ते मिटायला लागतं आणि चोवीस तासांत बंद होतं. त्यानंतर पाजलेला चीक पोट भरतो, पण रक्तात संरक्षण पोचवत नाही.

माप सोपं आहे. वासराच्या वजनाचा दहावा भाग. पस्तीस किलोचं वासरू असेल तर साडेतीन लिटर. त्यातले दोन लिटर पहिल्या तास-दोन तासांत, आणि उरलेला दीड लिटर सहा-आठ तासांच्या आत. वार पडायची वाट बघायची नाही. वार पडल्याशिवाय धार काढू नये अशी समजूत आमच्याकडे फार आहे, आणि तिच्यापायी वासराचे मोलाचे तास जातात. सड धुवायचे, पहिल्या दोन-चार धारा टाकून द्यायच्या आणि पाजायला लागायचं. वासराला चोखायची ताकद नसेल तर बाटलीनं, मान फार वर न उचलता, सावकाश. घाईनं ओतलं की चीक फुप्फुसात जातो.

चीक चांगला आहे की नाही, हे डोळ्यांनी अर्धंच कळतं. मधासारखा दाट आणि पिवळा असावा, त्यात रक्त किंवा गुठळ्या नसाव्यात. पण रंग फसवतो. यावरचा उपाय आपल्या तालुक्यात घरोघरी पडून आहे. नारायणगाव पट्ट्यातले द्राक्ष बागायतदार गोडी बघायला जो ब्रिक्स मीटर वापरतात, तोच चिकाला चालतो. काचेवर चिकाचा एक थेंब ठेवायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. 22 किंवा त्याहून वर आला तर चीक उत्तम. खाली आला तर वासराला जास्त पाजायचा किंवा दुसऱ्या गाईचा चांगला चीक द्यायचा. द्राक्षात तो साखर दाखवतो. चिकात त्या आकड्यावरून प्रथिनांचा अंदाज येतो.

आता खरवसाबद्दल, कारण तो मला सोडवत नाही आणि वाचकांनाही सोडवायचा नाही. खरवस विरजणाशिवाय, नुसत्या वाफेवर का धरतो? चिकात जी प्रथिनं ठासून भरलेली असतात ती उष्णतेनं गोठतात, म्हणून. आणि त्यातली बहुतेक तीच, वासराला वाचवणारी. सुरीनं कापावा असा घट्ट खरवस ज्या चिकाचा होतो, तोच चीक वासराला सगळ्यात जास्त हवा असतो. दुसऱ्या धारेला तो पातळ होतो, तिसऱ्याला आणखी, आणि चार-पाच दिवसांत साधं दूध होतं. म्हणून वाटणी अशी असावी: पहिल्या धारेतून वासराचं माप आधी काढायचं. चांगली संकरित गाय पहिल्याच धारेला त्याहून जास्त देते, तेव्हा उरतोच. उरलेल्यातला लिटरभर स्वच्छ बाटलीत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवावा, पुढच्या एखाद्या अडलेल्या वासरासाठी. तो वापरताना कोमट पाण्यात बाटली ठेवून विरघळवायचा. चुलीवर तापवला तर बाटलीतच खरवस होईल आणि वासराला उपयोग होणार नाही. त्यानंतरचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक खुशाल घरात न्यावा. पातळ असला तर दूध कमी मिसळावं, खरवस धरतो.

वसुबारसेच्या दिवशी गाय पिळायचीच नाही असा अर्थ घेऊ नका, एवढं सांगायला हवं. वीस लिटर देणारी गाय एक वेळ न पिळता ठेवली तर कास ताठते, दुखते, दगडी होण्याची भीती असते. आणि ते सगळं वासराला पाजलं तर त्याला हगवण लागते. धार वेळेवर काढा, डेअरीला घाला. व्रत तुमच्या ताटापुरतं आहे. वासराला त्याचं ठरलेलं माप त्या दिवशी आधी पाजा आणि बाकीचं नंतर.

गोऱ्ह्यालाही तितकंच पाजा. बेल्ह्याच्या शेजारी आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. वेद बोललेला तो रेडा आळंदीच्या वाटेवर इथे विसावला, अशी श्रद्धा आहे. ज्या मुलखानं एका रेड्याला समाधी बांधली, त्या मुलखात नर वासरू उपाशी बांधलेलं मला बघवत नाही.

यंदा वसुबारसेला ओवाळायला गोठ्यात जाल तेव्हा पूजेआधी वासराच्या पाठीवरून हात फिरवा. केस चमकतात का, नाक ओलं आहे का, शेपटीखाली चिकटलेलं काही आहे का, ते बघा. आणि जिची गाय दिवाळीच्या आसपास व्यायची आहे, तिनं दोन लिटरची बाटली, बूच आणि ब्रिक्स मीटर आजच हाताशी आणून ठेवावं. गाय रात्री दोनला व्याली, तर तेव्हा शेजाऱ्याचं दार वाजवायला वेळ नसतो.

पुढच्या भागात धनत्रयोदशी.