सोळा नाही, सतरा

गेल्या महिन्यात एका फ्यूजनच्या कार्यक्रमात शेवटची तिहाई चुकली आणि टाळ्या मात्र कडकडून पडल्या. तबलजी हसले, पण हसताना त्यांनी ड्रमरकडे जे पाहिलं ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून त्यांच्या तालमीला जाऊन बसलो.

कोथरूडमधलं तळघर. ओल आणि तापलेल्या ॲम्प्लिफायरचा मिश्र वास. सूर लावण्यात आणि चहात तास गेला. शेवटाची वेळ आली तसे तबलजी म्हणाले, "सोळा नाही रे, सतरा."

तीनताल सोळा मात्रांचा, ड्रमरच्या भाषेत चार-चारचे चार बार. पण तिहाईचा शेवटचा 'धा' पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडायला हवा, म्हणून समेपासून उचललेली तिहाई सतरा मोजायची. त्यांचा तुकडा होता 'तिट कत गदि गन धा'. पाच मात्रा, मग एका मात्रेचा दम, पुन्हा पाच, पुन्हा दम, पुन्हा पाच. पंधरा आणि दोन, सतरा. तीन 'धा' पडतात पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या मात्रेवर.

चूक होते ती त्या दमात. दुसऱ्या 'धा'नंतर ड्रमरला थांबवत नाही. तो दम गिळतो, तिसरा तुकडा लगेच उचलतो आणि सोळाव्या मात्रेवर झांज हाणतो. गंमत म्हणजे सोळावी ही चौथ्या बारची शेवटची मात्रा, त्यामुळे ऐकणाऱ्याला सगळं कसं नीट बंद झाल्यासारखं वाटतं. त्या दिवशी टाळ्या याच खोट्या समेला पडल्या होत्या. खरी सम एक मात्रा पुढे होती, आणि तिथे तबल्याचा 'धा' एकटाच पडला. (फ्यूजनमधल्या निम्म्या तिहाया टाळ्यांसाठीच असतात, असं माझं मत आहेच.)

"दादा, मी मनात मोजतो की," ड्रमर कुरकुरला.

"मनात नको, पायात मोज."

मग ठरलं, दमाच्या मात्रेवर हाताने काही वाजवायचं नाही, फक्त डाव्या पायाने हाय-हॅट मिटायची. ती बारीक 'चिक्' हाच दम. बास वाजवणारीला सांगितलं, तिहाई चालू असताना तू चारची चाल सोडू नकोस. तू सरळ चाललीस तरच आम्ही कुठे आहोत ते कळेल.

पहिल्यांदा पंधरावरच संपलं, दोन्ही दम गेले. पुढच्या खेपेला सोळा. मी गुडघ्यावर मात्रा मोजत होतो. सतराला तळहात पडला तेव्हा खोली आधीच गप्प झालेली. चौथ्या खेपेला 'चिक्' दोनदा नीट ऐकू आली आणि झांज, बास, तबला यांचा मिळून एकच आवाज झाला.

ड्रमरने घुमणारी झांज पंजाने धरली.

"हं," तबलजी म्हणाले, "आता लय वाढवू."