रजेवर असताना मेलला काय उत्तर जावं?

2008 साली वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात एक रस्त्यावरचा फलक लागला. वर इंग्रजीत सूचना होती, की अवजड वाहनांना आत प्रवेश नाही. खाली वेल्श भाषेत लिहिलं होतं, की मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम असेल तर पाठवून द्यावं. नगरपालिकेने इंग्रजी मजकूर भाषांतरासाठी ईमेलने पाठवला होता. भाषांतरकार रजेवर होता, त्याच्या खात्यातून आपोआप उत्तर गेलं आणि ते वेल्शमध्ये असल्यामुळे तेच भाषांतर आहे असं समजून फलकावर छापलं गेलं. उत्तर मिळालं, पण ते रजेचं उत्तर आहे हेच वाचणाऱ्याला कळलं नाही.

आपण रजेवर जाताना ईमेलमध्ये जो मजकूर लावून जातो, त्याबाबतीत ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो मजकूर कोण वाचणार, कोणत्या अडचणीत असताना वाचणार, हे आपल्याला ठाऊक नसतं. आणि त्याने उलट काही विचारलं, तर उत्तर द्यायला आपण तिथे नसतो. म्हणून त्याला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आधीच त्यात असायला हवीत. सौजन्य येतं ते त्यातूनच.

एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या एका कारखान्यात लेखा विभागातला अधिकारी पुरवठादारांची बिलं पाहतो. गणपतीसाठी तो कोकणात गावी निघाला आहे. शनिवार, 12 सप्टेंबर ते रविवार, 20 सप्टेंबर अशी त्याची सुट्टी आहे. जाताना घाईघाईत तो हा मजकूर लावतो:

«मी 20 सप्टेंबरपर्यंत कार्यालयात उपलब्ध नाही. या काळात मेलना उत्तर दिले जाणार नाही. अत्यंत तातडीचे काम असल्यासच कार्यालयाशी संपर्क साधावा.»

यात खोटं काही नाही, उद्धट शब्दही नाही. पण भोसरीत छोटं वर्कशॉप चालवणारा पुरवठादार हे वाचतो तेव्हा काय होतं ते पाहा. त्याचं बिल अडकलं आहे आणि महिनाअखेरीला कामगारांचे पगार करायचे आहेत. 20 पर्यंत म्हणजे 20 तारखेला हा माणूस भेटेल की 21ला, हे त्याला कळत नाही. कार्यालयाशी म्हणजे नेमकं कोणाशी बोलायचं, तेही कळत नाही. आपण पाठवलेला मेल नंतर वाचला जाईल की पुन्हा पाठवावा लागेल, याचाही उलगडा होत नाही. शिवाय ‘अत्यंत तातडीचे असल्यासच’ हे वाचून आपलं काम तेवढं तातडीचं आहे का, याचा निवाडा त्यालाच करावा लागतो. मजकूर थंड वाटतो तो याच कारणाने. त्यातलं प्रत्येक वाक्य समोरच्याला काय मिळणार नाही एवढंच सांगतं.

आता तोच मजकूर असा लिहिला तर?

«नमस्कार,
आपला मेल माझ्याकडे पोहोचला आहे, धन्यवाद. मी सध्या रजेवर असून सोमवार, 21 सप्टेंबर रोजी कामावर परत येईन.
बिल किंवा पेमेंटबाबत त्याआधी माहिती हवी असल्यास कृपया लेखा विभागाच्या पुढील ईमेलवर लिहावे. बिल क्रमांक आणि तारीख कळवल्यास माझ्या सहकाऱ्यांना ते लवकर पाहता येईल.
इतर मेल मी परतल्यावर वाचेन आणि बुधवार, 23 सप्टेंबरपर्यंत उत्तर देईन. आपल्याला पुन्हा मेल पाठवण्याची गरज नाही.
हे उत्तर आपोआप पाठवले गेले आहे.
कळावे.»

खाली विभागाचा पत्ता, आपलं नाव आणि पद, एवढं पुरे. यात परतण्याचा दिवस वारासकट आहे, त्यामुळे ‘पर्यंत’चा घोळ उरत नाही. मधल्या काळात कोणाकडे जायचं आणि जाताना सोबत काय न्यायचं, तेही आहे. आलेल्या मेलचं पुढे काय होईल हे सांगितलं आहे. उत्तरासाठी दोन दिवस जास्त मागितले आहेत, कारण नऊ दिवसांच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी सगळे मेल वाचून होत नाहीत. ‘परतताच उत्तर देईन’ असं लिहून ते न जमण्यापेक्षा 23 तारीख सांगून ती पाळणं जास्त आदराचं आहे.

सहकाऱ्याचं नाव द्यायचं असेल, तर आधी त्याला विचारावं. तोही त्याच आठवड्यात गावी जाणार असेल, तर पुरवठादाराला एका रजेच्या उत्तराकडून दुसऱ्या रजेच्या उत्तराकडे पाठवल्यासारखं होतं. शक्य असेल तिथे विभागाचा सामायिक ईमेल द्यावा आणि तो रोज कोण उघडणार, हे निघण्याआधी ठरवावं.

रजेचं कारण सांगण्याची गरज नाही. आजारपण, शस्त्रक्रिया, घरातलं दुःख यांचा तपशील अनोळखी माणसापर्यंत जाऊ नये. सहलीच्या आनंदाची वाक्यंही टाळावीत, कारण वाचणारा कदाचित तक्रार घेऊन आलेला असतो. कंपनीबाहेरच्यांना जाणाऱ्या उत्तरात आपण कुठे गेलो आहोत, खासगी मोबाइल नंबर काय, हे देऊ नये. अमुक अधिकारी जागेवर नाही आणि त्याचं काम तमुक पाहतो, एवढ्या माहितीवर त्याच्या नावाने पैसे मागणारा बनावट मेल तयार करता येतो. कार्यालयातल्या आउटलुकमध्ये यासाठी चांगली सोय असते. Automatic Replies मध्ये संस्थेतल्या लोकांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा मजकूर लावता येतो. सहकाऱ्यांना नाव आणि नंबर सांगावा, बाहेरच्यांना विभागाचा पत्ता.

जीमेलमध्ये हीच सोय Vacation responder या नावाने सेटिंग्जमध्ये मिळते. तिथे पहिल्या दिवसाबरोबर शेवटचा दिवसही भरावा, नाहीतर कामावर हजर झाल्यानंतरही ‘मी रजेवर आहे’ असं उत्तर जात राहतं. फक्त ओळखीच्या पत्त्यांना उत्तर पाठवण्याचा पर्यायही तिथे असतो. तो निवडला, तर पहिल्यांदाच लिहिणाऱ्या पुरवठादाराला किंवा ग्राहकाला काहीच कळत नाही. एकाच माणसाने पुन्हापुन्हा लिहिलं, तर जीमेल त्याला साधारण चार दिवसांतून एकदाच हे उत्तर पाठवतं. आउटलुक तर ही सोय सुरू असेपर्यंत सहसा एकदाच पाठवतं. म्हणजे समोरच्याच्या हाती पडणारा मजकूर बहुतेक वेळा एकच असतो, आणि तोच पूर्ण असावा लागतो.

भाषेचा विचारही इथेच करावा. ज्यांच्याशी रोजचा व्यवहार मराठीत आहे त्यांच्यासाठी मजकूर आधी मराठीत असावा. परराज्यातूनही मेल येत असतील, तर खाली तेवढाच इंग्रजी मजकूर जोडावा. त्यातही हे उत्तर आपोआप गेलं आहे, हे वाक्य दोन्ही भाषांत ठेवावं.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक काम जरूर करा. आपल्या दुसऱ्या खात्यातून, किंवा ऑफिसबाहेरच्या मित्राला सांगून, स्वतःला एक मेल पाठवा आणि आलेलं उत्तर त्या पुरवठादाराच्या जागी बसून वाचा. आपण कधी परतणार, तोवर कोणाला विचारायचं आणि पाठवलेल्या मेलचं काय होणार, या तिन्ही गोष्टी त्यातून कळत असतील, तर निश्चिंत मनाने गावी जा. एखादी कळत नसेल, तर ते वाक्य लिहूनच निघा.