साळवे आधी की सावदा?

जळगाव जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांची नावं संगणकाला दिली आणि कसलीही खास सोय न करता अकारविल्हे लावायला सांगितली, तर यादी अशी येते: अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, चोपडा, जळगाव, जामनेर, धरणगाव, पाचोरा, पारोळा, बोदवड, भडगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, यावल, रावेर. एकही नाव चुकीच्या जागी नाही. धरणगाव जामनेर आणि पाचोऱ्याच्या मधे, म्हणजे असायला हवं तिथेच आहे. यादी करणारा निर्धास्त होतो आणि त्याच पद्धतीने गावांची यादी करायला घेतो. गफलत तिथे होते.

धरणगाव तालुक्यातलं साळवे, रावेर तालुक्यातलं सावदा, यावलमधलं साकळी आणि भुसावळजवळचं साकेगाव ही चार नावं घेऊ. संगणक ती साकळी, साकेगाव, साळवे, सावदा अशी लावतो. शाळेत ‘श ष स ह ळ क्ष ज्ञ’ असं घोकलेल्या माणसाला मात्र साळवे सगळ्यात शेवटी हवं, कारण त्याच्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. शंभर पानांच्या सूचीत तो ‘साव’, ‘सास’, ‘साह’ ओलांडून पुढे शोधत जाईल. गाव मागेच राहिलेलं असेल, आणि ते सूचीत नाहीच असं समजून तो वही मिटेल.

संगणकाने इथे अक्षरं वाचलेलीच नसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे, आणि भाषा न सांगता क्रम लावायला सांगितला की तो फक्त क्रमांकांची तुलना करतो. ‘साळवे’ आणि ‘सावदा’ यांचे पहिले दोन क्रमांक सारखेच आहेत. तिसऱ्या जागी ‘ळ’चा क्रमांक २३५५ आणि ‘व’चा २३५७. लहान आकडा आधी, एवढाच निकाल.

मग तालुक्यांची यादी बरोबर कशी आली? निव्वळ नशिबाने नव्हे. देवनागरीचे क्रमांक बरेच विचारपूर्वक लावलेले आहेत. सगळ्या काना-मात्रा व्यंजनांच्या नंतर ठेवल्या आहेत, म्हणून ‘जळगाव’ ‘जामनेर’च्या आधी येतं: दुसऱ्या जागी २३५५चा ‘ळ’ आणि २३६६चा काना यांची गाठ पडते आणि ‘ळ’ आधी लागतो. हलन्ताचं चिन्ह मात्रांच्याही नंतर, २३८१वर आहे. त्यामुळे ‘क, का, कि... कौ’ संपल्यावरच ‘क्य, क्र’ अशी जोडाक्षरं सुरू होतात. अनुस्वार २३०६वर, म्हणजे सगळ्या अक्षरांच्या आधी. मराठी विश्वकोशाचा १९७६ साली निघालेला पहिला खंड ‘अंक’ या नोंदीने उघडतो, तो क्रमही या आकड्यांशी जुळतो. व्यवस्था इतकी सुबक असल्यामुळेच तिच्यातली भोकं चटकन दिसत नाहीत. तालुक्यांच्या नावांत ‘ळ’ पाच ठिकाणी आहे, पण त्याची ‘व’ ते ‘ह’ यांच्यातल्या कुठल्याच अक्षराशी थेट गाठ पडत नाही.

‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवलं ते दहा लिप्यांचा विचार करून. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी १९८८च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली. दहा लिप्यांना एकच सामाईक तक्ता पुरावा, एका लिपीतलं अक्षर दुसऱ्या लिपीत त्याच घरात सापडावं, असा त्यामागचा हिशेब होता. देवनागरी, गुजराती, कन्नड, तमिळ या सगळ्या लिप्यांच्या तक्त्यांत ‘ळ’चं घर एकच आहे. लिप्यंतरासाठी ही सोय उत्तम. मात्र मराठी कोशाचा क्रम सांभाळणं हे त्या तक्त्याचं काम कधीच नव्हतं. क्रमांक म्हणजे नुसता पत्ता, असं युनिकोडवालेही सांगतात. शब्दांच्या क्रमाचे नियम ते वेगळे देतात.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांना स्वतंत्र क्रमांकच नाही. ‘ज्ञ’ म्हणजे ज, हलन्त आणि ञ असे तीन क्रमांक. म्हणून नावांच्या यादीत ज्ञानेश्वर शेवटी न जाता ‘जोशी’ आणि ‘ज्योती’ यांच्या मधे उभे राहतात. ‘क्षीरसागर’ही ‘क’च्या गर्दीत सापडतो.

‘ॲ’ची जागा तर अगदीच विचित्र. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोवर स्वरांची घरं भरलेली होती. मिळाला तो क्रमांक २४१८, म्हणजे ‘ह’च्याच काय, देवनागरी ‘९’च्याही पुढे. वकिलांच्या यादीत नावाआधी ‘ॲड.’ लिहिलं की ती सगळी मंडळी तळाशी जातात. कुणी तेच ‘अ’ टंकून त्यावर चंद्र चढवला असेल, तर तो वकील वर ‘अ’च्या शब्दांत जातो. पडद्यावर दोन्ही लेखनं हुबेहूब सारखी दिसतात.

असाच घोळ ‘कुऱ्हे’ या गावाच्या नावात होतो. त्यातला ‘ऱ’ कुणी २३५३ या स्वतंत्र अक्षराने टंकतो, तर कुणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. मुक्ताईनगर तालुक्यातलं कुऱ्हा आणि भुसावळ तालुक्यातलं कुऱ्हे ही दोन्ही गावं दोन्ही पद्धतींनी टंकली गेली असतील, तर आधी एका पद्धतीची जोडी आणि मग दुसऱ्या पद्धतीची, असं कुऱ्हा-कुऱ्हे, कुऱ्हा-कुऱ्हे दिसतं. सूचीत एखादं गाव जवळजवळ दोनदा आलेलं दिसलं, तर आधी हा संशय घ्यावा.

उपाय आहे. भाषावार क्रमाचे नियम ‘सीएलडीआर’ या युनिकोडच्या सामाईक संग्रहात आहेत, आणि मराठीच्या नियमाचा गाभा एवढाच:

```
&ह<ळ<क्ष<ज्ञ
```

म्हणजे ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. आणि तीन क्रमांकांचा ‘क्ष’ एकच अक्षर मानायचा. पायथनमध्ये फरक असा पाहता येतो:

```
from icu import Collator, Locale
n = ["सावदा", "साळवे", "साकेगाव", "साकळी"]
c = Collator.createInstance(Locale("mr"))
print(sorted(n))
print(sorted(n, key=c.getSortKey))
```

पहिल्या ओळीत साळवे आधी, दुसऱ्या ओळीत सावदा. `"mr"` लिहायला विसरू नये. भाषा न सांगता नुसता युनिकोडचा सर्वसाधारण क्रम वापरला तर ‘ॲ’ स्वरांत परत येतो, पण ‘ळ’ पुन्हा ‘ल’च्या शेजारी जातो. शिवाय एकाच कामात दोन क्रम मिसळू नयेत. यादी एका क्रमाने लावलेली आणि मधोमध पान उघडून शोधणारा प्रोग्रॅम दुसऱ्या क्रमाने तुलना करणारा असेल, तर यादीत असलेलं साळवेही त्याला सापडेलच असं नाही.

हा नियम लावूनही कोशकाराला एक निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. ‘क्ष’ला ‘ह’च्या पलीकडचं अक्षर मानलं की ते शब्दाच्या मधेही लागू होतं. मग ‘रक्षण’ हा शब्द ‘रक्त’च्या शेजारून उठून थेट ‘रहाट’च्या पुढे जातो. काहींना हे तर्कशुद्ध वाटेल, काहींना ‘रक्त’ आणि ‘रक्षण’ एकाच पानावर हवे असतील. दुसरी पद्धत हवी असेल, तर ‘क्ष’चा नियम फक्त शब्दाच्या आरंभाला लावणारं वेगळं लेखन करावं लागतं, आणि ते नोंदी गोळा करण्याआधी ठरलेलं बरं.