वजन उतरल्यानंतरचे मातृत्व : मुदत आणि शिल्लक

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आणि त्यानंतर अपत्याची इच्छा धरणाऱ्या स्त्रीला डॉक्टरांकडून बहुधा एकच वाक्य ऐकावयास मिळते : वर्ष-दीड वर्ष थांबा. सल्ला रास्त आहे. परंतु त्यामागची कारणे विशद करून सांगितली जात नसल्यामुळे मुदत भरली की सिद्धता झाली, असा समज घरोघर रूढ होतो. तो घातक ठरू शकतो. कारण ज्या अवधीत वजन उतरून स्थिरावते, नेमक्या त्याच अवधीत शरीरातील काही पोषकद्रव्यांची शिल्लक तळाला जात असते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहिले पाहिजे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली प्रथम केलेल्या ‘गॅस्ट्रिक बायपास’चे जे रूप आज प्रचलित आहे, त्यात जठराच्या वरच्या भागाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभीचा भाग शरीरातच राहतो, पण अन्न त्या वाटेने जात नाही. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः याच आरंभीच्या भागात शोषले जातात. ब-१२ जीवनसत्त्वाची अडचण निराळी. अन्नातून ते सुटे करण्यास जठरातील आम्ल लागते आणि आतड्याच्या शेवटी ते शोषले जाण्यास जठराच्याच पेशींतून स्रवणारे एक प्रथिन लागते. ‘स्लीव्ह’ या दुसऱ्या प्रकारात अन्नाची वाट बदलत नाही, परंतु जठराचा बराच मोठा भाग काढून टाकल्याने आम्ल व हे प्रथिन दोन्ही घटतात.

आता थांबण्याची कारणे. पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरते, याचाच अर्थ शरीर आपली चरबी, आणि प्रथिने पुरेशी पोटात न गेल्यास स्नायूही, जाळून गुजराण करीत असते; अशा वेळी गर्भाला लागणारा पुरवठा वेगळा काढणे दुरापास्त होते. शस्त्रक्रियेने गर्भारपणाला लाभ होतात यात संशय नाही. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींवरून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे शस्त्रक्रियेपूर्वी जेवढे वजन होते तेवढेच असलेल्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्या गरोदर स्त्रियांशी तुलना केली असता, गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण ६.८ टक्क्यांऐवजी १.९ टक्के आढळले. मात्र गर्भवयाच्या मानाने लहान भरणाऱ्या बालकांचे प्रमाण ७.६ टक्क्यांवरून १५.६ टक्क्यांवर गेले. म्हणजे लाभाबरोबर गर्भाच्या वाढीची चिंताही पदरात येते.

यात एक अनपेक्षित गोष्ट घडते. स्थूलतेमुळे ज्यांची पाळी वर्षानुवर्षे अनियमित होती त्यांच्यात वजन उतरू लागताच थोड्याच महिन्यांत बीजनिर्मिती सुरळीत होते, आणि आपल्याला मूल होणार नाही असे गृहीत धरलेल्या स्त्रीला नको त्या काळात दिवस जातात. पोटातून घ्यावयाच्या संततिनियमनाच्या गोळ्यांवर बायपासनंतर भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा दंडात बसवावयाचे साधन हे विश्वसनीय मार्ग.

आता शिल्लकेचा प्रश्न. ब-१२ चा साठा यकृतात असतो आणि आवक थांबली तरी तो साधारणपणे दोन-तीन वर्षे पुरतो. त्यामुळे सहा महिन्यांनी केलेली तपासणी निर्दोष येते, स्त्री निश्चिंत होते, गोळ्या घेण्यात खंड पडू लागतो, आणि गर्भधारणेची मुदत येऊन ठेपते तेव्हा साठा उतरणीला लागलेला असतो. शाकाहारी घरांत तर मुळातली शिल्लकच अल्प असते, त्यामुळे हा काळ आणखी अलीकडे येतो.

उदाहरणादाखल अशी एक स्त्री कल्पू : वय ३१, शाकाहारी, बायपास होऊन सोळा महिने झालेले, वजन चार महिने स्थिर, आणि गर्भधारणेच्या तयारीसाठी फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू केलेल्या. तिचे हिमोग्लोबिन १०.६ आहे, पण तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान अगदी सर्वसाधारण. तेवढ्यावरून कुणीही म्हणेल, किरकोळ पांडुरोग. वस्तुतः लोहाच्या अभावी पेशी लहान होतात, ब-१२ च्या अभावी मोठ्या होतात, आणि दोन्ही उणिवा एकत्र आल्या म्हणजे सरासरी मधोमध येऊन डोळ्यांत धूळ फेकते. फेरिटिन तपासले तर ते ८, म्हणजे लोहाचे कोठार रिकामे. ब-१२ अवघे १५०. शिवाय फॉलिक आम्लाने ब-१२ च्या कमतरतेचा पांडुरोग सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. तळपायांना येणाऱ्या मुंग्या हीच काय ती तिची वर्दी. तिचे ड जीवनसत्त्व १२ आहे, आणि रक्तातील कॅल्शियम ठीक असले तरी पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेले आहे. अर्थात कॅल्शियमची तूट हाडांतून भरून काढली जात आहे.

या स्त्रीची मुदत भरली आहे, सिद्धता नाही. तिला ब-१२ ची इंजेक्शने आणि शिरेतून लोह द्यावयाचे, तर ते आताच. कारण पहिल्या तिमाहीत शिरेतून लोह देणे टाळतात. कॅल्शियम सायट्रेटच्या स्वरूपात, दिवसातून विभागून, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांच्या अंतराने घ्यावयाचे, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी समाधानकारक आली म्हणजे मग गर्भधारणा. पुढे प्रत्येक तिमाहीत हाच हिशेब पुन्हा तपासावा आणि त्यात अ जीवनसत्त्वाचीही भर घालावी; मात्र ते द्यावे लागल्यास बीटा-कॅरोटीनच्या रूपाने, कारण रेटिनॉलच्या मोठ्या मात्रेने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. मधुमेहासाठी ग्लुकोज पाजून केली जाणारी चाचणी बायपास झालेल्या स्त्रीला घेरी, घाम व जुलाब आणू शकते. तिच्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर घरच्या यंत्रावर साखर मोजणे इष्ट.

दोन प्रसंगी मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. गर्भारपणातील उलट्या सर्वांनाच ठाऊक असतात; परंतु ब-१, म्हणजे थायमिन, याचा साठा काही आठवड्यांतच संपतो, आणि सतत उलट्या होणाऱ्या अशा स्त्रीला थायमिन न देता ग्लुकोजची सलाईन लावली तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. तोल जाणे, दुहेरी दिसणे, भ्रम ही तिची चिन्हे. दुसरा प्रसंग पोटदुखीचा : वाढते गर्भाशय आतडी वर ढकलते आणि बायपासमुळे आत राहिलेल्या फटीत आतडे अडकू शकते. ती कळ पित्ताची किंवा प्रसूतीची समजून घरी काढणे जिवावर बेतू शकते.

बारा ते अठरा महिन्यांची मुदत ही तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेली आहे. प्रयोगाने सिद्ध झालेली सीमारेषा ती नव्हे. त्यामुळे त्याआधी दिवस राहिले तर केवळ तेवढ्या कारणाने गर्भपाताचा विचार करण्याचे प्रयोजन नाही. तपासण्या तत्काळ कराव्यात आणि गर्भाच्या वाढीवर सोनोग्राफीने अधिक लक्ष ठेवावे. उलट मुदत उलटून पाच वर्षे झाली असली तरी तपासणीतून सूट मिळत नाही. म्हणून ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी प्रसूतितज्ज्ञांकडे पहिल्याच भेटीत ती कोणत्या प्रकारची व कोणत्या साली झाली हे सांगावे, आणि तिची कागदपत्रे सोबत न्यावीत.